मावशी उठली नाही, हे यंत्राला कसं कळावं?

माणूस पडतो तो क्षण जेमतेम सेकंदाचा असतो. हाड मोडतं ते त्या सेकंदात, आणि ते मोडणं थांबवण्याची ताकद भिंतीवरच्या कुठल्याही यंत्रात नाही. यंत्राच्या हातात असतं ते पुढचं: पडलेलं माणूस जमिनीवर किती वेळ राहतं. तासाहून जास्त वेळ एकाच कुशीवर कडक फरशीवर पडून राहिलं की दबलेले स्नायू तुटायला लागतात, त्यातली द्रव्यं रक्तात उतरून मूत्रपिंडावर ताण आणतात, कातडीला जखमा होतात, पाणी न मिळाल्याने शरीर सुकतं. थंड देशांतल्या डॉक्टरांना अशा वेळी अंग गार पडण्याची काळजी असते. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपार गेला आणि दुपारी वीजही गेली, तर काळजी नेमकी उलटी असते.

केंब्रिजमध्ये नव्वदी ओलांडलेल्या लोकांचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या अनेकांकडे गळ्यातलं किंवा भिंतीवरचं मदतीचं बटण होतं. तरीही एकटं असताना पडून बराच वेळ जमिनीवर राहिलेल्यांपैकी बहुतेकांनी ते दाबलंच नाही. कोणाच्या हाताला ते लागलं नाही, कोणाला भान नव्हतं, कोणाला दुसऱ्यांना त्रास द्यायचा नव्हता. आपल्याकडे तर हा तिसरा प्रकारच जास्त. म्हणून बटण न दाबताही कळावं अशी यंत्रं आली: कॅमेऱ्याची आणि रडारची. दोन्ही आता इतकी लहान झाली आहेत की विचार करायचं काम त्यांच्या डबीतच होतं, चित्र बाहेर पाठवावं लागत नाही. मग अडचण कुठे आहे? दोन ठिकाणी. घरच्या माणसाची लाज, आणि खोटा गजर. आणि गंमत अशी, की यंत्र जरा थांबायला शिकलं तर या दोन्ही अडचणी एकदमच सैल होतात.

एक घर डोळ्यांपुढे धरू. त्रिमूर्तीनगरातलं तळमजल्याचं जुनं घर, हॉल, झोपायची खोली, स्वयंपाकघर, मागे बाथरूम. अठ्ठ्याहत्तर वर्षांची मावशी एकटी राहते. मुलगा पुण्यात, भाचा नागपुरातच, पण दुसऱ्या टोकाला. शेजारी काका-काकू, त्यांच्याकडे घराची किल्ली. मुलाचं म्हणणं, चारही ठिकाणी कॅमेरे लावू, मी मोबाईलवर पाहत जाईन. मावशीचं म्हणणं, "मी पडली तर पडली रे, पण मी लुगडं बदलून राहिली अन् कोणी तिकडून पाहून राहिलं, हे मले चालणार नाही." दोघांचंही बरोबर आहे, आणि यंत्र निवडताना दोघांचंही धरूनच निवडायचं आहे.

आधी खोट्या गजराचा हिशोब करू, कारण विकणारा तो कधीच सांगत नाही. मावशी दिवसातून किती वेळा जमिनीजवळ येते? देवघरापुढे बसते, नमस्कार करताना डोकं टेकवते, भाजी निवडायला फतकल मारून बसते, पडलेली सुई शोधते, उन्हाळ्यात दुपारी कूलरसमोर फरशीवर चटई टाकून आडवी होते. धरा बारा वेळा. म्हणजे वर्षाला चार हजार तीनशे ऐंशी वेळा. आता यंत्र शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर ओळखतं असं समजू. ऐकायला उत्तम आहे. पण उरलेला एक टक्का म्हणजे वर्षाला सुमारे चव्वेचाळीस खोटे गजर, दर आठ-नऊ दिवसांनी एक. मावशी खरोखर पडेल ती वर्षातून एकदा, फार तर दोनदा. म्हणजे शेजारच्या काकांचा फोन वाजेल तेव्हा बावीसात एकविसाहून जास्त वेळा काही झालेलंच नसेल. पहिल्या दोन वेळा काका चपला न घालता धावत येतील. पाचव्यांदा चहा संपवून येतील. दहाव्यांदा फोनच उचलणार नाहीत, आणि त्यांना दोष देता येणार नाही. दोष यंत्राच्या अचूकतेचाही नाही. जी गोष्ट क्वचित घडते तिच्यावर दिवसभर पहारा ठेवला की असंच होतं, मग पहारेकरी कितीही हुशार असो.

प्रत्यक्षात तर नव्व्याण्णवही मिळत नाहीत. कमरेला बांधायच्या यंत्रांसाठी लिहिलेल्या तेरा पद्धती २०१२ मध्ये काही संशोधकांनी खऱ्या पडण्याच्या एकोणतीस नोंदींवर तपासल्या. त्यांनी सरासरी ५७ टक्केच प्रसंग ओळखले. शिवाय पद्धतीगणिक दिवसाला तीनपासून पंच्याऐंशीपर्यंत खोटे गजर निघाले. हे कमरेवरचं यंत्र होतं, भिंतीवरचं नव्हे. पण घोळाचं मूळ दोन्हींत एकच. प्रयोगशाळेत पडून दाखवणारे बहुधा धडधाकट तरुण असतात, ते गादीवर, ठरवून, धाडकन पडतात. म्हातारं माणूस तसं पडत नाही. कॅनडातल्या दोन वृद्धाश्रमांत कॅमेऱ्यात सापडलेले २२७ पडण्याचे प्रसंग तपासून २०१३ साली एक लेख आला. त्यात सर्वात मोठं कारण, ४१ टक्के प्रसंगांत, तोल एका पायावरून दुसऱ्यावर नीट न जाणं हे होतं. ठेच लागणं २१ टक्क्यांत. म्हणजे उभं राहताना, वळताना, खुर्चीत टेकताना तोल जातो. माणूस भिंत धरत, पलंगाची कड धरत, हळूहळू घसरत खाली येतं. फक्त वेग बघणारं यंत्र अशा वेळी गप्प बसतं, आणि मावशी देवापुढे पटकन वाकली की ओरडतं.

आता कॅमेरा काय बघतो ते पाहू. डबीच्या आतला कॅमेरा सेकंदाला काही चित्रं घेतो आणि प्रत्येक चित्र एका लहान प्रोग्रॅमला देतो. मूव्हनेट नावाचा असा एक प्रोग्रॅम मोफत मिळतो आणि रास्पबेरी पायसारख्या स्वस्त संगणकावर चालतो. त्याची हलकी आवृत्ती चित्र आधी १९२ बाय १९२ ठिपक्यांपर्यंत बारीक करते आणि त्यात माणसाचे सतरा बिंदू शोधते: नाक, डोळे, कान, खांदे, कोपरं, मनगटं, कंबर, गुडघे, घोटे. प्रत्येक बिंदूला तीन आकडे: आडवी जागा, उभी जागा आणि खात्री किती. एका चित्रातून एकावन्न आकडे निघतात आणि चित्र लगेच पुसलं जातं. पुढचा सगळा निर्णय या आकड्यांवर: खांदे आणि कंबर जोडणारी रेघ उभी आहे की आडवी, डोकं जमिनीपासून किती वर आहे, हे किती वेळ तसंच आहे. मावशीचा चेहरा, लुगड्याचा रंग, भिंतीवरचा फोटो, यातलं काहीही या आकड्यांत उरत नाही.

इथे आपल्या घरांच्या खास अडचणी येतात. नऊवारीत किंवा सैल गाऊनमध्ये गुडघे दिसतच नाहीत, मग प्रोग्रॅम ते कुठे असतील याचा अंदाज करतो आणि खात्रीचा आकडा घसरतो. फतकल मारून बसणं हे मावशीचं रोजचं असलं तरी परदेशात शिकलेल्या प्रोग्रॅमने ते फार पाहिलेलं नसतं. कामवाली बाई उकिडवी बसून पोछा मारते तेव्हा तिचं डोकं पडलेल्या माणसाइतकंच खाली असतं. त्यात कॅमेरा छताला उलटा लावला तर वरून फक्त केस आणि खांदे दिसतात आणि सतरा बिंदूंचा पार विचका होतो. कॅमेरा लावायचा तो भिंतीच्या कोपऱ्यात, डोक्याच्या थोडा वर, खोलीकडे तिरपा बघणारा. आणि दिवाणामागची जी पट्टी त्याला दिसत नाही, तिथे पडलेली मावशीही त्याला दिसणार नाही.

रडारचं सगळं वेगळं. विहिरीत हाक मारून प्रतिध्वनीवरून पाणी किती खोल हे ताडावं, तसं ते लहरी सोडतं आणि परत आलेल्या ऐकतं. घरातल्या यंत्रांत बहुधा ६० गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतात. त्यांची लांबी पाच मिलिमीटर. लहर सोडताना तिची वारंवारिता चार गिगाहर्ट्झने सरकवली तर साडेतीन-चार सेंटिमीटर अंतरावरच्या दोन वस्तू वेगळ्या कळतात. अंतराच्या बाबतीत रडार इतकं काटेकोर असतं. दिशेच्या बाबतीत मात्र ते बरंच आंधळं. साध्या चिपवर तीन सोडणाऱ्या आणि चार ऐकणाऱ्या अँटेना असतात. त्यांना डावीउजवीकडे सुमारे पंधरा अंशांचा फरक कळतो, म्हणजे तीन मीटरवर पाऊण मीटरहून थोडा जास्त. वरखालीची जाण बहुधा याहूनही भोंगळ. त्यामुळे रडारला मावशी दिसते ती हलणाऱ्या ठिपक्यांचा एक ढग म्हणून. चेहरा नाही, कपडे नाहीत, अंधार असो वा उजेड, फरक पडत नाही.

यातून लावायच्या जागेचा एक साधा नियम निघतो, जो माहितीपत्रकात कोपऱ्यात कुठेतरी छापलेला असतो. पडणं म्हणजे उंची कमी होणं. रडार भिंतीवर लावलं तर उंची काढायला त्याला वरखालची दिशा वापरावी लागते, आणि तीच त्याची कच्ची बाजू. छताला लावलं तर उंची म्हणजेच अंतर होतं, आणि अंतर ही त्याची पक्की बाजू. मावशीच्या खोलीचं छत दहा फूट, म्हणजे तीन मीटर. उभ्या मावशीचं डोकं छतापासून दीड मीटरवर. दिवाणावर गादीवर झोपलेली मावशी साधारण दोन मीटर पस्तीस सेंटिमीटरवर. फरशीवर पडलेली पावणेतीन मीटरच्याही पलीकडे. दिवाण आणि फरशी यांत चाळीसेक सेंटिमीटरचा फरक, आणि यंत्राला चार सेंटिमीटर कळतात. भिंतीवरच्या रडारला हाच फरक पकडताना घाम फुटतो. मग बसवणारा सांगतो, दिवाणाच्या भोवतालची जागाच वगळून टाका. पण दिवाणावरून उतरतानाच तर पडायची भीती जास्त!

छताला लावायचं म्हटलं की पंखा आडवा येतो. पंख्याची पाती लहरींना सतत हलवत राहतात. म्हणून रडार पंख्यापासून निदान चार-पाच फूट दूर हवं आणि छताखालच्या पाऊण मीटरातलं काहीही मोजू नये, असं त्याला सांगून ठेवावं. नागपुरी कूलर हा दुसरा उपद्रव. त्याच्या झोताने पडदा फडफडतो आणि रडारला खोलीत कोणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. मावशी फरशीवर पडली असतानाही यंत्र म्हणेल, "नाही, ती उभी आहे, हलते आहे." लोखंडी कपाटावरून लहरी आरशासारख्या परततात आणि कपाटाच्या मागे एक भूत-मावशी दिसते. हे ओळखणं सोपं आहे. घर रिकामं असताना कूलर, पंखा, नळ सगळं चालू करून ॲपमध्ये बघायचं: यंत्र कोणी असल्याचं दाखवत असेल तर पडदा बांधा किंवा यंत्राची जागा बदला.

रडारची आणखी एक चूक आहे, आणि ती सर्वात घातक. भिंती, कपाटं, दिवाण यांचे प्रतिध्वनी गोंधळ घालू नयेत म्हणून जे हलत नाही ते सारं रडार पुसून टाकतं. आता मावशी पडली आणि निपचित राहिली तर? स्वस्त यंत्र तिलाही पुसतं. काही सेकंदांत ॲपवर लिहून येतं, खोली रिकामी. चांगलं यंत्र श्वासावर लक्ष ठेवतं. श्वास घेताना छाती काही मिलिमीटर वरखाली होते, आणि लहरच पाच मिलिमीटरची असल्यामुळे एक मिलिमीटर हालचालीनेही परतलेली लहर तिच्या एका पूर्ण चढउताराच्या दोन पंचमांश इतकी सरकते. म्हणजे श्वास दिसायला काहीच हरकत नाही, फक्त बनवणाऱ्याने तो बघायची तसदी घेतली पाहिजे. तपासायचं कसं? भाच्याने स्वतः फरशीवर आडवं व्हावं, दहा मिनिटं अजिबात हलू नये, आणि तो तसाच पडून असताना दुसऱ्या कोणी खोलीबाहेरून ॲप बघावं. त्यात कोणी नाही असं दिसलं तर ते यंत्र परत करावं. यावर विक्रेत्याशी वाद घालण्यासारखं काही उरत नाही.

आता थांबण्याकडे वळू. यंत्राने खाली गेलेली आकृती दिसल्याबरोबर ओरडायचं ठरवलं, तर खोटे गजर टाळायला त्याला फार पक्की खात्री लागते. पक्की खात्री मागितली की हळू घसरून पडणं निसटतं. पण नुकसान तासाने होतं आणि आपण दोन-तीन मिनिटं थांबू शकतो, हे मान्य केलं की चित्र बदलतं. खात्रीचा उंबरठा खाली आणता येतो, म्हणजे संशय जास्त वेळा घ्यायचा, पण बोंब मात्र थांबून मारायची. सावकाश घसरलेली मावशीही मग जाळ्यात येते.

मावशीच्या घरी ठरवलेला क्रम असा. आधी उभी असलेली आकृती जमिनीपासून चाळीस सेंटिमीटरच्या खाली आली की घड्याळ सुरू. ही "आधी उभी" अट मांजरासाठी आहे. मांजर कधी उभंच नसतं. एका मिनिटाच्या आत ती उठली तर घड्याळ बंद, कोणाला काही कळवायचं नाही. ती खालीच राहिली पण जागा बदलत असेल, जशी पोछा मारणारी बाई, तर पुन्हा सुरुवातीपासून. फतकल मारून नुसती बसलेली असेल तर घड्याळ बरंच सावकाश चालतं. मिनिटभरानंतरही आडवीच असेल तर स्पीकरवर भाच्याचा रेकॉर्ड केलेला आवाज येतो: "मावशी, बरी आहेस ना? बरी असशील तर बटण दाब." पाऊण मिनिटाने पुन्हा. बटणं बिनतारी आहेत, भिंतीला जमिनीपासून वीतभर उंचीवर लावलेली, पडल्या पडल्या हात पोचेल अशी. आणखी पाऊण मिनिटात बटण दाबलं गेलं नाही आणि ती उभीही राहिली नाही तर काकांचा फोन वाजतो. काकांनी दोन मिनिटांत उचलला नाही तर भाच्याचा, मग मुलाचा. १०८ ला फोन करायचा तो माणसाने, जाऊन बघितल्यावर.

यात दोन गोष्टी मुद्दाम तशा ठेवल्या आहेत. उठून बसण्याने गजर रद्द होत नाही, कारण खुब्याचं हाड मोडलेलं माणूसही कधीकधी उठून बसतं, फक्त उभं राहू शकत नाही. आणि "हो" म्हटलेलं ऐकायला मायक्रोफोन लावलेला नाही. चित्र पुसायचं आणि घरातलं बोलणं मात्र दिवसभर ऐकायचं, याला काही अर्थ नाही.

हिशोब पुन्हा करू. त्या चव्वेचाळीस खोट्या प्रसंगांतले तीन चतुर्थांश मिनिटभरात आपोआप उठून मिटले असं धरलं, तर अकरा उरतात. त्या अकरांतले आठ मावशीने बटण दाबून मिटवले तर काकांपर्यंत वर्षाला तीन पोचतात. आकडे मानलेले आहेत, प्रत्येक घरी वेगळे निघतील. पण गाळणी कशी काम करते ते यातून कळतं, आणि वर्षातून तीनदा वाजणाऱ्या फोनला काका धावतील.

दुपारच्या झोपेचं काय? मे महिन्यात मावशी जेवून चटई टाकते आणि तासभर फरशीवर झोपते. दर दुपारी मिनिटभरात स्पीकर ओरडला तर तिसऱ्या दिवशी ती प्लगच काढून ठेवेल. म्हणून चटईची जागा यंत्रात आखून दिली आहे. दुपारी एक ते चार या वेळात, त्या जागेवर, आधी बसून मग सावकाश आडवी झाली, तर यंत्र सव्वा तास वाट बघतं आणि मग विचारतं. या तीन अटींतली एकही मोडली, म्हणजे रात्री अकरा वाजता तिथेच आडवी झाली किंवा दुपारीच पण झटकन खाली गेली, तर नेहमीचंच घड्याळ. यात एक फट उरते: दुपारी चटईवर बसता बसता तिला भोवळ आली तर सव्वा तास कोणाला कळणार नाही. ही फट मावशीला सांगून, तिच्या संमतीने ठेवली. तिचं उत्तर होतं, "मग पंधरा मिनिटांनी उठवून पाहशील का मले? झोपू दे ना बाप्पा." थांबण्याची आणखी एक मर्यादा: हृदय बंद पडलं तर दर मिनिटाला जगण्याची आशा झपाट्याने घटते, आणि तीन मिनिटं थांबणारं यंत्र तिथे कामाचं नाही. हे यंत्र त्यासाठी घेतलंच जात नाही.

आता लाजेचा प्रश्न. लोक सरळ विभागणी करतात: कॅमेरा वाईट, रडार चांगलं. मला ती पटत नाही. डबीत चित्र पुसणारा कॅमेरा हा सगळ्या नोंदी परदेशातल्या सर्व्हरवर पाठवणाऱ्या रडारपेक्षा जास्त लाज राखतो. रडारला चेहरा दिसत नाही खरा, पण मावशी रात्री किती वेळा लघवीला उठली, किती वाजता झोपली, श्वास कसा चालला होता, दुपारी दोन माणसं घरात होती की एक, हे सगळं त्याला कळतं. विचारायचं ते एवढंच, की रात्री झोपताना डबीत आणि डबीबाहेर काय उरलं.

"सगळं डबीतच होतं" हे विक्रेत्याचं वाक्य घरी तपासता येतं. इंटरनेटची तार काढा आणि कोणाला तरी जमिनीवर आडवं व्हायला सांगा. स्पीकरने विचारलं तर निर्णय खरंच आत होतो. मग तार जोडा आणि राउटरच्या पानावर त्या डबीने दिवसभरात किती डेटा वर पाठवला ते बघा. साधा एक मेगाबिटचा व्हिडिओ सतत पाठवला तर तासाला साडेचारशे मेगाबाइट होतात, दिवसाला दहा जीबीच्या वर. नुसते निरोप पाठवणाऱ्या डबीचा आकडा काही मेगाबाइटच्या पुढे जाऊ नये. मधला काही आकडा दिसला, विशेषतः कोणी घरात असतानाच वाढणारा, तर चित्रं कुठेतरी जात आहेत.

कायदा किती उपयोगी? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा कंपन्यांसाठी आहे: संमती घ्या, कशासाठी ते सांगा, सांगितल्यावर पुसा. पण माणसाने स्वतःच्या घरगुती कामासाठी केलेला वापर त्यातून वगळलेला आहे. म्हणजे मुलगा मोबाईलवरून आईला चोवीस तास बघत बसला तर हा कायदा आईच्या मदतीला येत नाही. ते घरातच ठरवावं लागतं. मावशीच्या घरी असं ठरलं: हॉलमध्ये कॅमेरा, थेट बघायची सोय बंद, गजर झाला तर मुलाला आणि भाच्याला रेघांची आकृती जाते, फोटो नाही. झोपायच्या खोलीत आणि बाथरूममध्ये फक्त रडार. स्वयंपाकघरात काही नाही, कारण ओट्याशी ती उभी असते तेव्हा हॉलचा कॅमेरा दारातून अर्धं स्वयंपाकघर बघतोच.

एका गोष्टीवर बरीच वादावादी झाली. मावशी पडली आणि स्वतःच उठली, तर मुलाला कळवायचं का? डॉक्टर सांगतील की कळवा. आधी एकदा पडलेलं माणूस पुन्हा पडण्याचा धोका जास्त असतो. मावशीला भीती, की कळलं की मुलगा लगेच पुण्याला घेऊन जाईल. तोडगा निघाला तो असा: अशी नोंद डबीतच राहते, तिच्या फोनवर तारीख आणि वेळ दिसते आणि ती डॉक्टरांकडे जाताना हवी तर दाखवते. मला हा तोडगा पुरता पटलेला नाही, पण शरीर तिचं आहे.

बाथरूमबद्दल थोडं सविस्तर. वाफेने रडारचं काही बिघडत नाही, पण नळाची धार आणि बादलीत पडणारं पाणी हलत असतं, त्यामुळे आंघोळ चालू असताना त्याला ढग नीट वेगळा करता येत नाही. तिथे उंचीबरोबर वेळही बघायची: आत जाऊन पस्तीस मिनिटांत बाहेर आली नाही तर विचार. तासाच्या आत बसतं तेवढं पुरे. पीव्हीसीच्या दारातून लहरी पार जातात, म्हणून दारापलीकडच्या हालचाली मोजू नयेत असं अंतर आखून द्यावं. विटांच्या भिंतीचा प्रश्न येत नाही.

विकत घेताना एक कागद मागा. ६० गिगाहर्ट्झचं रडार असलेला गूगलचा पिक्सेल ४ हा फोन २०१९ मध्ये भारतात आलाच नाही, कारण त्या लहरी वापरायची इथे तेव्हा परवानगी नव्हती. रडारवाल्या कुठल्याही वस्तूसाठी दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी या बिनतारी विभागाचं ईटीए, म्हणजे यंत्राला मंजुरी असल्याचं, प्रमाणपत्र असायला हवं. ते कोणत्या लहरींच्या पट्ट्यासाठी आहे ते वाचा, आणि परदेशी वेबसाइटवरून स्वतः मागवलेल्या डबीला ते नसण्याचीच शक्यता धरा. डबी, राउटर आणि स्पीकर तिन्ही इन्व्हर्टरवर हवेत. नुसती डबी इन्व्हर्टरवर आणि राउटर मेनवर असं बरेचदा दिसतं, मग वीज गेल्यावर यंत्राला सगळं कळतं पण ते कोणाला सांगू शकत नाही. डबीने दर तासाला "मी चालू आहे" एवढा निरोप पाठवावा आणि तो दोनदा चुकला की भाच्याला कळावं.

शेवटचा अडथळा यंत्राबाहेरचा आहे. काका किल्ली घेऊन तीन मिनिटांत दाराशी आले आणि आतून कडी लावलेली असली, तर वरचं सगळं वाया. म्हणून समोरच्या दाराची कडी काढून किल्लीने बाहेरून उघडणारं नाइट लॅच बसवलं. रात्री मनाला बरं वाटावं म्हणून मावशीला साखळी हवी होती, ती काकांना बाहेरून तोडता येईल अशी हलकी लावली. बाथरूमचं दार आत उघडायचं; पडलेलं माणूस दाराला टेकून असेल तर ते ढकलताच येत नाही. सुताराला बोलावून बिजागऱ्या उलट्या बाजूला घेतल्या, आता ते बाहेर उघडतं, आणि आतल्या बोल्टऐवजी नाण्याने बाहेरून फिरवता येईल असा खटका आहे. सुताराचा खर्च यंत्रापेक्षा कमी आला.